स्वस्त हा शब्द महाग पडतो

शब्दांची काटकसर आमच्या पिढीला तारेने शिकवली. शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे एरवी पत्रात दोन पाने क्षेमकुशल लिहिणारा माणूसही तारेच्या कागदावर एकदम मितभाषी होई. ‘आम्ही सर्व मंडळी उद्या सकाळच्या गाडीने निघत आहोत’ या वाक्याचे पोस्टाच्या खिडकीपाशी पोहोचेपर्यंत ‘उद्या निघतो’ झालेले असे. आपल्या देशातली ही तार २०१३ सालच्या जुलैत बंद झाली, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. पण तार गेली म्हणून शब्दांवरचा पहारा उठला, असे मात्र कोणी समजू नये. उलट तो अधिक कडक झाला आहे. तारमास्तर निदान शब्द मोजत असत. आताचे यंत्र अक्षरे मोजते, आणि तीही तुमच्याआमच्या हिशेबाने नव्हे, त्याच्या स्वतःच्या हिशेबाने.

हे मला ठाऊक असायचे कारण म्हणजे माझा धंदा. मी जाहिराती लिहितो. पूर्वी वर्तमानपत्रातल्या चौकोनात बसतील अशा लिहीत असे, हल्ली शोधाच्या पानावर बसतील अशा लिहितो. आपण गूगलवर काही शोधले की उत्तरांच्या डोक्यावर ‘प्रायोजित’ असा शिक्का असलेल्या दोनचार ओळी येतात, त्या कोणीतरी बसून लिहिलेल्या असतात, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. त्यातल्या ठळक ओळीला मथळा म्हणतात आणि खालच्या बारीक मजकुराला वर्णन. मथळ्याला तीस अक्षरे, वर्णनाला नव्वद. एकतिसावे अक्षर टंकलेत की रकाना लाल होतो आणि पुढे जाऊ देत नाही. तिथे रदबदली चालत नाही. तारमास्तर एखादे वेळी ‘अहो, हा शब्द गाळा, अर्थ तोच राहतो’ असे आपुलकीने सांगायचा. यंत्र नुसते लाल होते.

२०२५ सालच्या मार्चची गोष्ट सांगतो. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला विजेच्या वस्तूंचे एक दुकान आहे. मालक साठीचे, सरळ आणि थोडे हट्टी. चिरंजीव तिशीचे, हुशार आणि फार घाईचे. या बापलेकांनी फेब्रुवारीतच चाळीस एसी उधारीवर भरून ठेवले होते. उन्हाळ्याच्या मालाचा हा जुगार दरवर्षीचाच असतो. मार्चात विकला तर नफा, मेमध्ये विकला तरी नफा, पण पाऊस आला की उरलेली खोकी पुढच्या वर्षापर्यंत जागा अडवून बसतात आणि उधारीचे व्याज तेवढे चालू राहते. म्हणून पाडव्याचा मुहूर्त धरून उन्हाळ्याच्या तोंडावरच विक्री लावायची आणि तिची जाहिरात शोधाच्या पानावर द्यायची, असे ठरले. रोज बाराशे रुपयांच्या वर खर्च करायचा नाही, ही मालकांची अट होती.

मालकांनी मथळा स्वतःच लिहून आणला होता. ‘या उन्हाळ्यात स्वस्तात मस्त एसी खरेदीची सुवर्णसंधी’, आणि पुढे तीन उद्गारचिन्हे. मथळ्यात उद्गारचिन्ह चालतच नाही, असा नियम आहे, त्यामुळे ती तीन काठ्या प्रथम गेल्या. मालकांना ते फार लागले. “उद्गारचिन्हाशिवाय सेल कसला हो?” असे ते म्हणाले. मग उरलेली अक्षरे मोजली. पन्नास भरली.

“कसली पन्नास? मी मोजून आणलीत, पंचवीससुद्धा नाहीत,” मालक म्हणाले, आणि त्यांचे चुकत नव्हते. त्यांनी आपल्या शाळेत शिकवतात तशी मोजली होती. ‘उन्हाळ्यात’ म्हणजे उ, न्हा, ळ्या, त अशी चार. यंत्र मात्र या शब्दाची दहा अक्षरे धरते. त्याच्या लेखी ‘उ’ एक, ‘न’ दोन, त्याचा मोडलेला पाय तीन, ‘ह’ चार, काना पाच, ‘ळ’ सहा, त्याचा मोडलेला पाय सात, ‘य’ आठ, पुन्हा काना नऊ, आणि ‘त’ दहा. आपल्या लिपीतला काना, वेलांटी, उकार, मात्रा आणि अनुस्वार हे सगळे तिथे स्वतंत्र प्रवासी म्हणून मोजले जातात. आईच्या कडेवरच्या पोरालाही पूर्ण तिकीट लागावे, तसा हा प्रकार. इंग्रजीत तीस म्हणजे तीस, जे डोळ्यांना दिसते तेवढेच. मराठीत तीस म्हणजे डोळ्यांना दिसणारी पंधरा-सोळा.

ही मोजणी एकदा कळली की आपल्याच भाषेकडे माणूस नव्या नजरेने बघू लागतो. ‘गरम’ हा शब्द किती गरीब! काना नाही, मात्रा नाही, तिनाचे तीनच. ‘थंडगार’ला सहा लागतात, तरी पुष्कळ काम करतो म्हणून चालतो. पण ‘स्वस्त’ पाहा. डोळ्यांना दोनच अक्षरे, पण दोन्ही जोडाक्षरे, म्हणून यंत्राकडे त्याची सहा होतात. आणि ‘महाग’ची होतात फक्त चार! स्वस्त हा शब्द महाग आणि महाग हा शब्द स्वस्त. व्याकरणाने व्यापाऱ्याची एवढी थट्टा कधी केली नसेल. मी हे मालकांना दाखवले तेव्हा ते प्रथमच हसले आणि म्हणाले, “म्हणजे स्वस्त म्हणायचं नाही, स्वस्त द्यायचं.”

ते विनोदाने बोलले, पण जाहिरातीचे निम्मे काम तिथेच झाले. कारण जागा इतकी थोडी असली की विशेषणे प्रथम बाहेर पडतात. स्वस्त, मस्त, सुवर्ण, अपूर्व ही सगळी मंडळी दारात चपला शोधू लागतात, आणि आत उरतात आकडे आणि क्रियापदे. मग प्रश्न असा पडतो, की नेमके काय सांगायचे? त्यासाठी समोरचा माणूस कोण आणि तो कशाला घाबरतो, हे ठाऊक हवे.

मार्चात एसी शोधणारा आणि मेमध्ये एसी शोधणारा ही दोन निराळी माणसे आहेत. मेमधला माणूस घामाघूम झालेला असतो. त्याला किंमत नंतर, आधी ‘आज मिळेल का’ हवे असते. मार्चातला माणूस पंख्याखाली निवांत बसून तुलना करत असतो. त्याने चार दुकानांच्या किमती कागदावर लिहून काढलेल्या असतात, आणि मागच्या खेपेला शेजाऱ्याच्या घरी काय झाले तेही त्याला आठवत असते. शेजाऱ्याने यंत्र कमी भावात आणले, आणि बसवायला आलेल्या माणसाने तांब्याच्या नळीचे वेगळे, बाहेरच्या स्टँडचे वेगळे, भिंतीला भोक पाडायचे वेगळे असे करत करत बिल वाढवत नेले. मार्चातल्या गिऱ्हाइकाची भीती ही आहे. किमतीची नव्हे, किमतीनंतरच्या किमतीची. तिला उत्तर देणारी ओळ आम्ही लिहिली:

‘दीड टनाचा एसी बसवून ₹३६,९९०’

सत्तावीस अक्षरे. त्यातला ‘बसवून’ हा पाच अक्षरांचा शब्द सुवर्णसंधीपेक्षा मोलाचा, आणि सुवर्णसंधीला तर दहा लागतात. मग दुसऱ्या ओळी सुचत गेल्या. ‘आज घ्या, परवा बसवून देऊ’ ही तेवीस अक्षरांची. ‘जुना एसी द्या, नवा न्या’ हीसुद्धा तेवीस, आणि तिला तर जात्यावरच्या ओवीची चाल आहे. ‘पाडव्यापर्यंत हीच किंमत’, पुन्हा तेवीस. चिरंजीवांनी एक ओळ स्वतः केली: ‘पाच तारे, कमी वीजबिल’. वीस अक्षरे, सुटसुटीत. प्रत्येक ओळ खरी होती. दुकानात पाच तारे मिळवलेली यंत्रे होती, ती वीज खरोखर कमी खात होती, आणि दीड टनाचे यंत्र ३६,९९० रुपयांत बसवून मिळत होते. चिरंजीव म्हणाले, “काका, झालं. द्या सोडून.”

इथे थोडे थांबून ही जाहिरात छापली कशी जाते ते सांगितले पाहिजे, कारण सगळी मेख तिथे आहे. वर्तमानपत्रात तुम्ही लिहिता तसे छापतात. इथे तसे नाही. इथे तुम्ही कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त पंधरा मथळे द्यायचे, आणि दोन ते चार वर्णने. त्यांतून यंत्र प्रत्येक शोधणाऱ्यासाठी वेगळी जुळणी करते. कधी तीन मथळे शेजारी शेजारी लावते, कधी दोन, क्वचित एकच. वर्णने एक किंवा दोन. कोणता मथळा कोणाच्या शेजारी बसेल हे लिहिणाऱ्याच्या हाती नसते. लग्नाच्या पंगतीत यजमान पाने मांडून मोकळा होतो आणि कोण कोणाच्या शेजारी बसेल ते बसणाऱ्यांवर सोडतो, तशातली ही गत. म्हणून प्रत्येक ओळ एकटी असताना खरी असून भागत नाही, तर कोणाच्याही शेजारी बसली तरी खरी राहावी लागते.

जाहिरात भरताना बाजूला तिचा एक नमुना दिसत राहतो आणि त्यातल्या जोड्या बदलून बघता येतात. ते बघणे कंटाळवाणे असते, पण मी ते कधी टाळत नाही. पाचसहा जोड्या बघितल्यावर ही पुढे आली:

‘दीड टनाचा एसी बसवून ₹३६,९९०’ आणि तिच्या लगत ‘पाच तारे, कमी वीजबिल’.

वाचणारा काय समजेल? पाच ताऱ्यांचा एसी ३६,९९० रुपयांत. आणि ३६,९९० ही किंमत होती तीन ताऱ्यांच्या यंत्राची! पाच ताऱ्यांचे यंत्र ४५,९९० चे होते. दोन खरी माणसे शेजारी बसली आणि दोघांत मिळून एक थाप तयार झाली. त्यात लबाडी कोणाचीच नव्हती, आणि फसणारे गिऱ्हाईक मात्र अगदी खरे असणार होते.

चिरंजीवांना यात विशेष काही वाटले नाही. “काका, गिऱ्हाईक दुकानात तर येईल! आलं की समजावून सांगू,” ते म्हणाले. धंद्यात हा युक्तिवाद पुष्कळदा ऐकू येतो आणि वरवर तो बिनतोडही वाटतो. त्यावर मी नीतीचे प्रवचन दिले नाही, फक्त हिशेब मांडला. या जाहिरातीत ती दिसली म्हणून पैसे पडत नाहीत, कोणी तिच्यावर बोट ठेवले म्हणजे पडतात. प्रत्येक टिचकीचा भाव त्या क्षणीच्या लिलावात ठरतो. म्हणजे ३६,९९० मध्ये पाच तारे मिळतील या समजुतीने आलेला प्रत्येक माणूस रोजच्या बाराशेंतला आपला वाटा खाऊन परत जाणार, आणि जाताना दुकानाचे नाव लक्षात ठेवून जाणार. शिवाय जाहिरातीतली वस्तू त्या किमतीला दुकानाच्या पानावर सहज सापडली पाहिजे, असा नियमही आहे. न सापडली तर जाहिरात नामंजूर होऊ शकते. मालक इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “दुकानात येऊन भांडणारा माणूस मी पैसे देऊन कशाला बोलावू?” प्रश्न मिटला.

उपाय मात्र तीस अक्षरांतच शोधायचा होता. प्रत्येक किमतीने आपले तारे आपल्या अंगावरच वागवले पाहिजेत, म्हणजे शेजारी कोणीही येवो. ‘तारे’ हा शब्द आम्हाला आवडला होता, पण गिऱ्हाईक ‘स्टार’च म्हणते. मग अशा दोन ओळी बसवल्या:

‘३ स्टार दीड टन बसवून ₹३६,९९०’

‘५ स्टार दीड टन बसवून ₹४५,९९०’

दोन्ही बरोबर अठ्ठावीस अक्षरांच्या. ‘दीड टनाचा एसी’ मधला ‘एसी’ गेला, पण जो माणूस एसी शोधूनच इथवर आला आहे त्याला दीड टन कशाचा ते सांगावे लागत नाही. पूर्वीची किमतीची ओळ आणि ‘पाच तारे, कमी वीजबिल’ अशा दोन्ही रद्द केल्या. चिरंजीवांना आपली ओळ गेल्याचे वाईट वाटले आणि मलाही वाटले, कारण ती खरोखर चांगली होती. पण शेजार सांभाळणारी नव्हती.

मग ‘बसवून’ या शब्दाचा निकाल लावायचा राहिला. त्या किमतीत तीन मीटर नळी धरली होती. बहुतेक घरांत ती पुरते, पण ज्यांचे बाहेरचे यंत्र गच्चीवर न्यावे लागते त्यांना पुरत नाही. ही अट मथळ्यात मावणे शक्य नव्हते, म्हणून ती वर्णनात घातली: ‘किमतीत ३ मीटर तांब्याची नळी आणि स्टँड आलाच. जास्त नळीचे पैसे मीटरप्रमाणे वेगळे.’ नव्वदपैकी एकोणऐंशी अक्षरे. आता हे वर्णन दिसलेच पाहिजे, नाहीतर ‘बसवून’ अर्धवट खरा ठरेल. त्यासाठी एक सोय आहे. ओळीला टाचणी लावता येते, म्हणजे ही ओळ याच जागी, असे यंत्राला बजावता येते. मात्र टाचणी कुठे लावायची ते कळले पाहिजे. तिसरा मथळा आणि दुसरे वर्णन या जागा दरवेळी दिसतीलच असे नसते. तिथे टाचलेली अट म्हणजे करारनाम्याच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेली अट. आम्ही वर्णनाला पहिल्याच जागी टाचले.

टाचणी लावताच एक गंमत होते. जाहिरातीच्या वरच्या बाजूला यंत्र तिच्या ताकदीचा शेरा देत असते. Poor पासून Excellent पर्यंत त्याच्या पायऱ्या आहेत. टाचणी लावली की जुळण्या कमी होतात आणि शेरा घसरतो. आमचाही घसरला. चिरंजीवांचा चेहरा प्रगतिपुस्तकात नापास झाल्यासारखा झाला. पण हा शेरा म्हणजे केवळ सूचना असते, लिलावात तो धरला जात नाही. जुळणीला पुरेसा माल मिळाला की नाही, एवढेच तो सांगतो. तो माल खरा आहे की नाही, हे त्याला विचारण्यात अर्थ नसतो.

शेजाराने खोटी होणारी ओळ सावरली. पण ओळ आणखी दोन रीतींनी खोटी होऊ शकते, स्थळाने आणि काळाने. ‘आज घ्या, परवा बसवून देऊ’ ही ओळ पुण्यात खरी होती, कारण मार्चात दुकानाची बसवणारी माणसे मोकळी होती. साताऱ्यात ती खोटी होती. आणि जाहिरात ‘पुणे’ म्हणून लावली तरी मूळच्या मांडणीत ती पुण्यात असलेल्यांबरोबरच पुण्यात रस दाखवणाऱ्यांनाही दिसते. साताऱ्यात बसून पुण्याच्या दुकानांचे भाव बघणारा माणूसही त्यात येतो. तिथे Presence हा पर्याय निवडला की ती फक्त पुण्यात असणाऱ्यांना किंवा नेहमी येणाऱ्यांना दाखवली जाते. यात एक तोटा होतो, तो सांगून टाकतो. परदेशात असलेली आणि पुण्यातल्या आईवडिलांसाठी रात्री जागून एसी शोधणारी मुलेमुली यातून सुटतात. मालकांच्या मनात ते थोडे खुपले, कारण त्यांची मुलगीच तिकडे आहे. पण ‘परवा बसवून देऊ’ हे वचन पाळायचे तर हद्द आखावीच लागते.

काळाचे म्हणाल, तर ‘पाडव्यापर्यंत हीच किंमत’ या ओळीचे आयुष्य मोजके होते. पाडवा ३० मार्चला होता. त्या रात्री बाराच्या ठोक्याला ती ओळ खोटी होणार होती, आणि जाहिरात आपणहून म्हातारी होत नाही. थांबवली नाही तर ती जूनमध्येही ‘पाडव्यापर्यंत’ म्हणत उभी राहील. म्हणून पाडव्याच्या जाहिरातीला सुरुवातीलाच शेवटची तारीख घालून ठेवली आणि एप्रिलची, त्या ओळीवाचूनची, निराळी तयार ठेवली. दुसरे वर्णनही मार्चापुरतेच होते: ‘मार्चमध्ये दोन दिवसांत बसवून देतो. मे महिन्यात रांग लागते. दुकानात येऊन यंत्र पाहून घ्या.’ एकोणनव्वद अक्षरे. नव्वदाला एक कमी पडल्याचा आनंद काय असतो, ते रद्दीच्या तागडीकडे डोळे लावून उभ्या राहणाऱ्यालाच कळेल.

उरले ते काम म्हणजे कोणाला बोलवायचे नाही ते ठरवण्याचे. ‘एसी’ हा शब्द टंकणारा प्रत्येकजण एसी विकत घ्यायला निघालेला नसतो. कोणी ac repair शोधतो, कोणी ac on rent, कोणाला जुन्या यंत्रात वायू भरून हवा असतो, आणि कोणाला तर नागपूरला जाणारी एसी बस हवी असते! असे शब्द आधीच वर्ज्य म्हणून लिहून ठेवता येतात. आम्ही तशी यादी केली. पुढे दर दोन दिवसांनी, लोकांनी प्रत्यक्ष काय टंकल्यावर आपली जाहिरात दिसली आणि तिच्यावर बोट ठेवले गेले, याची यादी मालक स्वतः चष्मा लावून वाचू लागले. ती यादी वाचणे हा जाहिरातीची प्रकृती ओळखायचा खरा मार्ग. दुकानाशी संबंध नसलेले शब्द त्यात वाढू लागले, की समजावे पैसे गळत आहेत. एका संध्याकाळी त्यांनी मला फोन केला, “अहो, हा माणूस ‘एसी लावल्याने सांधे दुखतात का’ असं विचारतोय. त्याला आपली जाहिरात कशाला?” त्या दिवशी यादीत ‘सांधे’ हा शब्द वाढला.

पाडव्यापर्यंत चाळीसपैकी सव्वीस यंत्रे गेली आणि बाकीची मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपली. यात जाहिरातीचा वाटा किती आणि उन्हाचा किती, हे कोण सांगणार? पण त्या वर्षी मे महिना पुण्यात ओलाचिंब गेला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखलही झाला, इतक्या लवकर की जुन्या नोंदी मागे पडल्या. ज्यांनी मेअखेरच्या उकाड्यावर भिस्त ठेवली होती, त्यांना ते वर्ष कठीण गेले असणार. आमच्या मालकांची उधारी तोवर फिटली होती.

मला मात्र आकड्यांपेक्षा एक निराळीच गोष्ट लक्षात राहिली. एप्रिलमध्ये एक गृहस्थ दुकानात आले. त्यांच्या घरी नळी पाच मीटर लागणार होती. दोन मीटरचे पैसे वेगळे पडतील असे चिरंजीव चाचरत सांगू लागले, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, “माहीत आहे हो, लिहिलंय तुम्ही,” आणि खिशातून पैशांचे पाकीट काढले. एकोणऐंशी अक्षरांच्या त्या रुक्ष ओळीचे इतके कौतुक दुसरे कोणते व्हायचे?

लांब लिहिणाऱ्याला एक मोठी सवलत असते. पहिल्या वाक्यात थोडे जास्त बोलून गेला, तर तिसऱ्या वाक्यात ‘अर्थात’ म्हणून सावरून घेता येते. तीस अक्षरांत ‘अर्थात’ला जागा नसते. तिथे जे आहे ते तसेच सांगावे लागते, आणि असे सांगावे लागते की कोणी ते मधूनच उचलून दुसरीकडे ठेवले तरी ते बदलू नये. घरोघरच्या आज्या असे बोलत आल्या आहेत. त्यांचे एखादे वाक्य कोणीही, कुठेही आणि कधीही सांगितले तरी खरे ठरते. त्यांना कोणी अक्षरे मोजून दिली नव्हती, एवढाच काय तो फरक.